इन्सर्शन सॉर्ट, लूप इनव्हेरियंट आणि १० पैकी ४

नारायणपेठ_मुक्काम

नमस्कार मंडळी. मी मूळची लातूरची, सध्या पुण्यात एसईला आहे, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. काल क्लास टेस्टचे पेपर मिळाले. प्रश्न होता: लूप इनव्हेरियंट वापरून इन्सर्शन सॉर्ट बरोबर आहे हे सिद्ध करा, १० मार्क. मला ४ मिळाले. उत्तर पाठ होतं हो, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

कोड पेपरातच दिलेला होता:

```c
for (int i = 1; i < n; i++) {
    int key = A[i];
    int j = i - 1;
    while (j >= 0 && A[j] > key) {
        A[j+1] = A[j];
        j--;
    }
    A[j+1] = key;
}
```

मी लिहिलं ते असं. इनव्हेरियंट: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला `A[0..i-1]` सॉर्टेड असतो. सुरुवात: `i = 1`, एकच घटक, तो सॉर्टेडच. मधली पायरी: आतला लूप `key` ला योग्य जागी बसवतो, म्हणून `A[0..i]` सॉर्टेड. शेवट: लूप संपला, म्हणून पूर्ण ॲरे सॉर्टेड.

सरांनी लाल पेनाने तीन शेरे मारलेत. पहिल्या ओळीपुढे "मूळ घटक कुठे गेले?", मधल्या पायरीपुढे नुसतं "का?" आणि शेवटापुढे "i किती?". भेटायला गेले तर म्हणाले, विचार कर आणि ये. विचार केला, काही सुचत नाही. कुणी समजावेल का?

पत्तेबाज

अगं सोपं आहे. रमी खेळताना हातात पाच पत्ते लावलेले असतात, सहावा उचललास की उजवीकडून सरकत सरकत त्याच्या जागी खोचतेस. हातातले पत्ते कायम लावलेले, हाच इनव्हेरियंट. तुझं उत्तर बरोबर आहे, सरांनी उगाच कापलेत. पुढच्या वेळी ५, २, ४ घेऊन प्रत्येक फेरीचं चित्र काढ, पूर्ण मार्क मिळतील. मी तसंच करायचो. आणि `i` शेवटी `n-1` असतो, एवढं लिहिलं की झालं.

निवृत्त_बँकवाला

माझ्या अल्पमतीनुसार इन्सर्शन सॉर्ट फारच हळू असतो. हजारभर व्हाउचर असतील तर आधी गठ्ठे पाडून मग लावावेत. आम्ही शाखेत तसंच करायचो. विद्यार्थिनीने दुसरी पद्धत का वापरू नये?

सुलभा_कर्वेनगर

बँकवाले काका, प्रश्न वेगाचा नाही. दिलेली पद्धत दर वेळी बरोबरच उत्तर देते हे पटवून द्यायचं आहे, मग ती हळू असो की जलद.

पत्तेबाज, ५, २, ४ चं चित्र काढून ५, २, ४ पुरतं सिद्ध होतं. ४, ५, २ चं काय? पंचवीस वर्षं पेपर तपासलेत, असल्या चित्रांना मी १० पैकी २ च्या वर कधी दिले नाहीत. आणि `i` शेवटी `n-1` नसतो, त्याकडे नंतर येते.

आता लातूरकर, तुझ्या पहिल्या शेऱ्याकडे बघ. हा कोड वाच:

```c
for (int i = 1; i < n; i++)
    A[i] = A[0];
```

७, ३, ९ दिले तर हा ७, ७, ७ करून ठेवतो. तू लिहिलेला इनव्हेरियंट याला लावून बघ. `i = 1` ला एकच घटक, सॉर्टेड. प्रत्येक फेरीनंतर `A[0..i]` मध्ये सगळे सारखे, म्हणजे सॉर्टेड. शेवटी पूर्ण ॲरे सॉर्टेड. तुझी सिद्धता या भामट्या कोडलाही जशीच्या तशी लागू पडते! मग तिने इन्सर्शन सॉर्टबद्दल नेमकं काय सिद्ध केलं?

म्हणून इनव्हेरियंट असा हवा: `A[0..i-1]` मध्ये तेच घटक आहेत जे मुळात `A[0..i-1]` मध्ये होते, आणि ते चढत्या क्रमाने आहेत. वाक्याचा पहिला अर्धा भाग तू गाळलास. सरांचा पहिला शेरा तोच आहे.

निवृत्त_बँकवाला

अच्छा, असं होय! मग हे आम्ही रोज करायचो. व्हाउचर क्रमाने लावून झाले की संख्या आणि बेरीज दोन्ही आधीच्याशी जुळवायची. नुसते क्रमाने लागलेत एवढ्यावर सही करत नसू. एकदा एक व्हाउचर पंख्याने उडून कपाटामागे गेलं होतं, क्रम मात्र एकदम व्यवस्थित होता. सापडेपर्यंत रात्रीचे साडेआठ.

सुलभा_कर्वेनगर

काका, अगदी हेच! फक्त संख्या आणि बेरीज जुळणं सिद्धतेला पुरत नाही. १ आणि ५ च्या जागी ३ आणि ३ आले तरी दोन्ही जुळतात. इथे घटक तेच हवेत, आणि जितक्या वेळा होते तितक्याच वेळा हवेत.

नारायणपेठ_मुक्काम

बापरे, ७, ७, ७ वाला कोड बघून पहिला शेरा लख्ख कळला. सुलभाताई, दुसरा "का?" कशासाठी असेल? `key` योग्य जागी बसतो हे तर दिसतंच आहे ना.

सुलभा_कर्वेनगर

दिसतंय म्हणजे तुला आधीपासून माहीत आहे. "आतला लूप योग्य जागी बसवतो" हे वाक्य म्हणजेच सिद्ध करायची गोष्ट, आणि तू तीच गृहीत धरलीस. आतलाही लूपच आहे, तेव्हा त्यालाही स्वतःचा इनव्हेरियंट लागतो.

आधी एक फेरी हाताने करू. सिद्धता म्हणून नव्हे हं पत्तेबाज, काय लिहायचं ते सुचावं म्हणून. ॲरे ३, ६, ८, ५, २ आहे आणि `i = 3`. डावीकडचे ३, ६, ८ लागलेले आहेत, `key` म्हणजे ५.

```
3 6 8 5 2    j = 2
3 6 8 8 2    j = 1
3 6 6 8 2    j = 0
3 5 6 8 2
```

दुसऱ्या ओळीत ८ दोनदा, तिसऱ्या ओळीत ६ दोनदा. दर वेळी `A[j+1]` या घराकडे बघ. पहिल्या ओळीत ते ५ चं घर, दुसरीत डावीकडच्या ८ चं, तिसरीत डावीकडच्या ६ चं. त्या घरातला आकडा आता कामाचा नाही, कारण त्याची प्रत दुसरीकडे आहे: `key` मध्ये किंवा उजवीकडच्या घरात. म्हणजे ते घर रिकामंच समज. हे रिकामं घर एकेक पाऊल डावीकडे सरकतंय.

पीएमपीच्या मागच्या लांब बाकावर "जरा सरकून घ्या" म्हटलं की एकेक जण सरकतो आणि मोकळी जागा आपल्याकडे येते, तसंच. फरक इतकाच की बसमध्ये सरकणारा माणूस जुन्या जागी शिल्लक राहत नाही, ॲरेत राहतो.

आता आतला इनव्हेरियंट: `A[0..i]` मधलं `j+1` हे घर वगळलं, तर उरलेल्या घरांत फेरीच्या सुरुवातीचे `A[0..i-1]` चे घटक त्याच क्रमाने आहेत, आणि रिकाम्या घराच्या उजवीकडचे सगळे `key` पेक्षा मोठे आहेत.

सुरुवातीला रिकामं घर `i`, त्यातला आकडा `key` मध्ये ठेवलेला, उजवीकडे कुणीच नाही. खरं. एका फेरीत `A[j] > key` म्हणून तो घटक रिकाम्या घरात जातो, त्याचं जुनं घर रिकामं होतं, क्रम बिघडत नाही, आणि उजवीकडे नवीन आला तोही `key` पेक्षा मोठाच. पुन्हा खरं.

लूप दोन कारणांनी थांबतो. एक, `j = -1`: रिकामं घर अगदी डावीकडे, बाकी सगळे `key` पेक्षा मोठे. दोन, `A[j] <= key`: उजवीकडचे मोठे आहेतच. डावीकडचे? आपण फक्त `A[j]` शी तुलना केली, त्याच्या आधीच्यांना हात लावला नाही. ते `key` पेक्षा मोठे नाहीत हे कशावरून म्हणशील?

नारायणपेठ_मुक्काम

कारण `A[0..j]` आधीपासून सॉर्टेड आहे! म्हणजे सगळे `A[j]` पेक्षा लहान किंवा समान. म्हणजे बाहेरचा इनव्हेरियंट इथे वापरायचा?

सुलभा_कर्वेनगर

बरोब्बर. आणि तुझ्या उत्तरात तो कुठेच वापरलेला नव्हता. गृहीतक मांडलं आणि पुढे त्याला हातच लावला नाही, तर बहुधा काहीतरी निसटलेलं असतं. पेपर तपासताना मी आधी हेच शोधायचे.

पत्तेबाज

एक मिनिट ताई. ३, ६, ८, ८, २ या ओळीत ५ ॲरेतून गायब आहे. म्हणजे "तेच घटक" हे खोटं झालं. इनव्हेरियंट म्हणजे न बदलणारं, कायम खरं. मग तुमचाच इनव्हेरियंट मोडला की!

सुलभा_कर्वेनगर

मुद्दा चांगला काढलास. `i = 3` असताना बाहेरचा इनव्हेरियंट फक्त `A[0..2]` बद्दल बोलतो, आणि ३, ६, ८ त्या क्षणी तरी जागेवर आहेत. पण पुढच्या ओळीत तिथे ३, ६, ६ आहे, म्हणजे खरोखरच मोडला. चालतं ते. तो फक्त बाहेरच्या लूपची अट तपासायच्या क्षणी खरा असावा लागतो. मध्ये मोडला तरी फेरी संपेपर्यंत पुन्हा उभा राहिला पाहिजे. "कायम खरं" हे मराठीत ऐकायला छान वाटतं, पण दोन तपासण्यांच्या मध्ये कसलंही वचन नाही.

पत्तेबाज

हं. मग नाव चुकीचं ठेवलंय.

पायथन_पोहे

`i` वरून माझाही गोंधळ आहे. पायथनमध्ये `for i in range(1, n)` लिहून लूपनंतर `i` छापला तर `n-1` च येतो. आत्ताच करून बघितलं. म्हणजे पत्तेबाज बरोबर की?

पत्तेबाज

बघा!

सुलभा_कर्वेनगर

पायथनमध्ये ते खरं आहे, कारण तिथे `i` ला यादीतली पुढची किंमत मिळते आणि यादी संपली की आधीचीच राहते. पेपरातल्या सी कोडमध्ये मात्र `i` वाढतो, मग `i < n` तपासलं जातं, आणि ते खोटं ठरतं तेव्हा `i` ही `n` असते.

`i = n-1` धरलंस तर इनव्हेरियंट काय सांगेल? `A[0..n-2]` लागलेला आहे. शेवटच्या घटकाबद्दल अवाक्षर नाही. ३, ५, ६, ८, २ घे: पहिले चार लागलेत, २ अजून बाहेर. `i = n` घेतल्यावरच `A[0..n-1]`, म्हणजे पूर्ण ॲरे मिळतो. पायथनचा लूप सिद्ध करायचा तर तो `while i < n` असा उलगडून लिही, किंवा "`i` पर्यंतच्या फेऱ्या झाल्यानंतर" अशा भाषेत इनव्हेरियंट मांड. गणित तेच.

आणि आणखी एक बारकावा, जो बहुतेक गाइडांत नसतो. लूप थांबला यावरून फक्त `i >= n` एवढंच कळतं. `i = n` म्हणायला `i <= n` हेही हातात हवं, म्हणून तेही इनव्हेरियंटमध्येच घाल: `1 <= i <= n`. घातलंस की लगेच दिसेल, `n = 0` असेल तर ते सुरुवातीलाच खोटं आहे. रिकामा ॲरे वेगळ्या एका ओळीत उरक, नाहीतर `n >= 1` धरलंय असं स्वच्छ लिही.

हिंजवडी_फेज३

धागा वाचून जुनी जखम उघडली. आमच्याकडे एका उपकरणाच्या कोडमध्ये हाच सॉर्ट होता, फक्त कुणीतरी `int` चं `size_t` केलेलं:

```c
size_t j = i - 1;
while (j >= 0 && A[j] > key)
```

`size_t` ऋण होतच नाही. `j` शून्य असताना एक वजा केला की प्रचंड मोठा आकडा होतो, `j >= 0` खरंच राहतं आणि `A[j]` कुठल्या कुठे वाचतो. पण हे कधी होतं? `key` डावीकडच्या सगळ्यांपेक्षा लहान असेल तेव्हाच. आमच्या चाचणीतल्या नोंदी वेळेनुसार जवळजवळ लागलेल्याच असायच्या, पहिली नोंद नेहमी सगळ्यात लहान. कित्येक महिने काही झालं नाही. मग एका ठिकाणी उपकरणाचं घड्याळ मागे गेलं आणि उपकरण सारखं रीस्टार्ट व्हायला लागलं. दोन दिवस मी मेमरीच्या चिपला शिव्या देत होतो.

`-Wextra` लावलं असतं तर जीसीसीनेच सांगितलं असतं की ही तुलना कायम खरी आहे. लावलं नव्हतं.

सुलभाताई, तुमचं "लूप दोन कारणांनी थांबतो" वाचलं आणि लक्षात आलं की त्या कोडमध्ये पहिलं कारण अस्तित्वातच नव्हतं. आम्ही दुरुस्ती अशी केली:

```c
size_t j = i;
while (j > 0 && A[j-1] > key) {
    A[j] = A[j-1];
    j--;
}
A[j] = key;
```

सुलभा_कर्वेनगर

वा! यात `j` हेच रिकामं घर झालं. `j+1`, `j+2` ची कसरत संपली आणि आतला इनव्हेरियंट वाचायलाही सोपा झाला. पेपरात कोड दिलेला असेल तर मात्र तोच वापरावा लागतो.

तुझ्या गोष्टीवरून आठवलं, लूप थांबतो हेही लिहायला हवं. इनव्हेरियंट एवढंच सांगतो की थांबलाच तर उत्तर बरोबर असेल. थांबण्याची हमी वेगळी: आतल्या लूपमध्ये `j` दर फेरीला एकने घटतो आणि -१ च्या खाली जात नाही. बाहेरचा `i` एकने वाढतो आणि आत त्याला कुणी हात लावत नाही. दोन ओळींचं काम.

पायथन_पोहे

मी `A[j] >= key` लिहिलं होतं तेव्हा सरांनी एक मार्क कापला. ते चूक आहे का?

सुलभा_कर्वेनगर

सॉर्ट म्हणून चूक नाही. सिद्धतेत उजवीकडचे "`key` पेक्षा मोठे किंवा समान" होतात, बाकी सगळं तसंच. फक्त समान घटकांचा आपसातला क्रम उलटतो. प्रश्नात तो जपायला सांगितलं नसेल तर मी मार्क कापला नसता.

हिंजवडी_फेज३

मी कापला असता. इन्सर्शन सॉर्ट म्हटलं की समान घटकांचा क्रम टिकतो असं सगळे धरूनच चालतात. आमच्या नोंदींत एकाच सेकंदाच्या दोन असतील तर आधीची आधीच हवी.

सुलभा_कर्वेनगर

मग ते प्रश्नात लिहा! जे मागितलंच नाही ते दिलं नाही म्हणून शिक्षा कसली? असो, यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत झालं नव्हतं.

पत्तेबाज

१० मार्कांच्या प्रश्नाला दोन-दोन इनव्हेरियंट, थांबण्याची हमी, रिकामा ॲरे... वेळ कुठून आणायचा? आमच्या मॅडम आतल्या लूपबद्दल दोन वाक्यांत सांगितलं तरी पूर्ण मार्क द्यायच्या.

सुलभा_कर्वेनगर

५ मार्कांना असेल तर मीही दिले असते, फक्त त्या दोन वाक्यांत "का" असायला हवं. "मोठे घटक एकेक घर उजवीकडे जातात, डावीकडे उरलेले आधीच लागलेले आणि `key` पेक्षा मोठे नसलेले" एवढं लिहिलं तरी चालेल. "योग्य जागी बसवतो" चालणार नाही.

नारायणपेठ_मुक्काम

पुन्हा लिहून काढलं. तपासता का कुणी?

बाहेरचा इनव्हेरियंट: `1 <= i <= n`, आणि `A[0..i-1]` मध्ये मूळचेच `A[0..i-1]` चे घटक चढत्या क्रमाने. सुरुवात: `i = 1`, `n >= 1` धरलंय, `A[0]` ला अजून कुणी हात लावलेला नाही. मधली पायरी: आतला इनव्हेरियंट ताईंनी सांगितला तसा. तो लूप थांबल्यावर रिकाम्या घराच्या डावीकडे `key` पेक्षा मोठा कुणी नाही, उजवीकडे सगळे मोठे, घरात `key` म्हणजे मूळ `A[i]` ठेवला, म्हणून `A[0..i]` मध्ये मूळचेच `A[0..i]` चे घटक चढत्या क्रमाने. मग `i` एकने वाढला. `i < n` होतं म्हणून वाढल्यावरही `i <= n`. शेवट: `i >= n` आणि `i <= n`, म्हणून `i = n`, पूर्ण ॲरे. थांबण्याच्या दोन ओळीही लिहिल्यात.

सुलभा_कर्वेनगर

छान. मी ९ देईन. एक यासाठी कापला: "`key` म्हणजे मूळ `A[i]`" हे कशावरून? तोवर `i-1` फेऱ्या झाल्यात. त्यांनी `A[i]` बदलला नाही हे तुझ्या इनव्हेरियंटमध्ये कुठे आहे?

नारायणपेठ_मुक्काम

अरेच्चा. "`A[i..n-1]` मुळात होता तसाच आहे" हेही जोडायला हवं. आतला लूप `A[i]` च्या पुढे कुठेच लिहीत नाही, म्हणून ते टिकतं. बरोबर?

सुलभा_कर्वेनगर

१०. आता सरांना भेटून ये.

नारायणपेठ_मुक्काम

भेटून आले. सरांनी वही बघितली, मार्क वाढवले नाहीत (नियम!), पण म्हणाले इनसेमला सिलेक्शन सॉर्ट येऊ शकतो, तो करून ठेव. तिथेही हाच इनव्हेरियंट चालेल ना?

पत्तेबाज

चालेल की. डावीकडचा भाग लागलेला, दोन्हीकडे सारखंच.

सुलभा_कर्वेनगर

चालेल म्हणतोस? ४, ९, १ वर एक फेरी करून बघा दोघंही.

नारायणपेठ_मुक्काम

केली. पहिल्या फेरीनंतर १, ९, ४. डावीकडे १ आहे आणि तो मुळात तिथे नव्हताच, शेवटी होता. "मूळचेच `A[0..i-1]` चे घटक" पहिल्याच फेरीत मोडलं. "उरलेला भाग होता तसाच" हेही मोडलं. ते काढून फक्त "पूर्ण ॲरेत मिळून तेच घटक, डावा भाग सॉर्टेड" ठेवलं तर पुढच्या फेरीत अडकतेय: उजवीकडून निवडलेला सगळ्यात लहान घटक डावीकडच्यांपेक्षा लहान नाही, हे कशावरून म्हणायचं तेच मिळत नाहीये. डावे सगळे उजव्यांपेक्षा मोठे नाहीत, असं काहीतरी घालून बघते. रात्री लिहिते, आता मेस बंद होईल.